मागणी आणि कागदाचे आयुष्य : हस्तलिखितांच्या उच्च दर्जाच्या प्रतिमा मागणाऱ्या पत्राची चिकित्सा

प्रस्तावना

'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. इ. स. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या वधाशी जोडल्या गेलेल्या कथेनुसार 'धरावे' या शब्दातील एक अक्षर बदलून 'मारावे' असे करण्यात आले. या कथेची ऐतिहासिक सत्यता हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. तथापि संशोधनपद्धतीच्या दृष्टीने या कथेत एक मार्मिक प्रश्न दडलेला आहे. असा कागद एखाद्या अभ्यासकासमोर आला, तर अक्षर मागाहून बदलले गेले की नाही हे तो कशावरून ठरवील? कागदाचे छापील लिप्यंतर त्याला फक्त 'मारावे' हा शब्द देईल. त्या अक्षराची शाई शेजारच्या अक्षरांच्या शाईपेक्षा निराळी आहे काय, बोरूचा कल बदलला आहे काय, खाली खरवडल्याच्या खुणा आहेत काय, या प्रश्नांची उत्तरे केवळ मूळ कागद देऊ शकतो. आणि मूळ कागद हाताळण्याजोगा नसेल तर त्याची अशी प्रतिमा, की जिच्यात या खुणा पुसल्या गेलेल्या नाहीत.

जीर्ण हस्तलिखितांच्या उच्च दर्जाच्या, असंपीडित प्रतिमांची मागणी करणारे संशोधकाचे पत्र या प्रश्नातून जन्माला येते. वरकरणी हा कार्यालयीन पत्रव्यवहार असल्याने त्याकडे कोणी चिकित्सक दृष्टीने पाहत नाही. वस्तुतः ते संशोधनाच्या आरंभी लिहिले जाणारे एक युक्तिवादात्मक लेखन असते, आणि त्यातील प्रत्येक शब्दाचा परिणाम शे-दोनशे वर्षे टिकून राहिलेल्या कागदावर होत असतो. प्रस्तुत लेखात अशा पत्राची चिकित्सा केली आहे.

पत्राचा नमुना

राजूर हे अकोले तालुक्यातील डांगाणचे गाव. भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई यांच्या परिसरातील या प्रदेशाचा पेशवेकालीन व कंपनीकालीन कागद प्रामुख्याने मोडीत लिहिलेला आणि पुणे, मुंबई येथील दफ्तरांत साठलेला आहे. राजूरच्या अध्यापकाला रुमालांपुढे महिनोन्‌महिने बसणे शक्य नसते. त्यामुळे प्रतिमा मागणारे पत्र हे त्याच्या दृष्टीने सोयीचे साधन नसून बहुधा एकमेव साधन असते. अशा पत्रांचा जो सर्वसाधारण साचा आढळतो, त्यावरून विवेचनासाठी पुढील नमुना रचला आहे. तो कोणा एका व्यक्तीचा वा संस्थेला आलेला प्रत्यक्ष पत्रव्यवहार नाही.

'मा. महोदय, मी राजूर परिसराच्या पेशवेकालीन महसूल व्यवस्थेवर संशोधन करीत आहे. आपल्या संग्रहातील या परिसराशी संबंधित रुमालातील १८० कागद अत्यंत जीर्ण झाले असल्याचे समजते. तरी सदर सर्व कागदांचे १२०० डीपीआय दर्जाचे, कोणतेही कॉम्प्रेशन न केलेले रंगीत स्कॅन त्वरित मिळावेत. जेपेग अथवा पीडीएफ प्रती संशोधनास निरुपयोगी असतात. कळावे.'

पत्र नम्र आहे, थोडक्यात आहे आणि त्यातील मूळ मागणी अवाजवी नाही. असे असूनही ते संग्रहपालाला निर्णय घेण्यास कोणतीही मदत करीत नाही. संशोधकाला या कागदांतून नेमके काय पाहावयाचे आहे हे पत्रात कोठेही सांगितलेले नाही. 'सर्व', '१२००', 'कोणतेही' आणि 'त्वरित' या चार शब्दांवर पत्र उभे आहे, आणि या चारही शब्दांना कारण दिलेले नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, कागद जीर्ण आहेत हे कारण मागणीच्या समर्थनासाठी पुढे केले असले तरी मागणीचे स्वरूप ठरविताना मात्र त्या जीर्णतेचा विचार झालेला नाही. तरीही या पत्रातील कोणता भाग खरा आहे हे आधी पाहणे न्यायाचे ठरेल.

मागणीतील तथ्य

प्रतिमेचे संपीडन म्हणजे तिची साठवणूक कमी जागेत करणे. ते दोन प्रकारचे असते. एका प्रकारात पुनरावृत्त होणारी माहिती आटोपशीरपणे नोंदविली जाते आणि फाइल उघडताच मूळचा प्रत्येक बिंदू जसाच्या तसा परत मिळतो. यास हानिरहित संपीडन म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात डोळ्याला सहसा जाणवणार नाही अशी माहिती कायमची टाकून दिली जाते. जेपेग ही या दुसऱ्या प्रकारातील सर्वपरिचित पद्धत होय. ती प्रतिमेचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील बारीक चढउतार सौम्य करते. त्याशिवाय रंगाची माहिती ही उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा बहुधा विरळ करून ठेवते. निसर्गदृश्याच्या छायाचित्रात हे खपून जाते. हस्तलिखितात मात्र अभ्यासकाचा पुरावा बहुतेक वेळा त्या बारीक चढउतारात आणि त्या रंगातच असतो.

महसुली कागदाचे उदाहरण घ्यावे. जुन्या हिशेबलेखनात पाव, अर्धा आणि पाऊण हे अपूर्णांक उभ्या दंडांनी दाखविले जात. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. शाई विटलेली असेल, कागदावर ओल येऊन तपकिरी डाग पडला असेल आणि प्रतिमा जोरकसपणे संपीडित केलेली असेल, तर तिसरा दंड शेजारच्या डागात विरून जातो. अभ्यासक पाऊणच्या जागी अर्धा वाचतो. हा दोष वाचकाच्या मोडीज्ञानाचा नसतो, आणि म्हणूनच तो लक्षात येत नाही. एका गावाच्या आकारणीत पाव रुपयाचा फरक क्षुल्लक वाटेल. पण तोच फरक दर बिघ्याच्या दरात पडला तर संपूर्ण गावाचा निष्कर्ष बदलतो.

रंगाचे महत्त्व पोथ्यांच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. लेखकाच्या हातून चूक झाली की त्या अक्षरावर पिवळी हरताळ फासून वर दुरुस्त अक्षर लिहिण्याची जुनी रीत होती. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. पाठचिकित्सकाला हरताळ फासलेली जागा मोलाची असते, कारण तेथे पहिला पाठ आणि दुसरा पाठ एकमेकांवर ठेवलेले असतात. कृष्णधवल प्रतिमेत ही पिवळी जागा जुन्या कागदाच्या करड्या छटेत मिसळून जाते, आणि रंग विरळ केलेल्या प्रतिमेत तिच्या कडा पसरतात. दुरुस्ती झाली होती हेच मग वाचकाला कळत नाही.

डांगाणच्या इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक खूण विचारात घ्यावयास हवी. जुन्या कागदांच्या शेवटी लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची 'निशाणी नांगर' आढळते. छापील लिप्यंतरात हे दोन शब्द तेवढे उरतात. मूळ कागदावर नांगराची लहानशी आकृती असते. ती आकृती कागद लिहिणाऱ्या कारकुनाच्याच शाईत व हाताने काढली आहे, की निराळ्या हाताने, हा प्रश्न साधा नाही. हा कागद ज्याच्या नावाने झाला तो माणूस प्रत्यक्ष तेथे उपस्थित होता की नाही, याचा एक धागा तेथे मिळू शकतो. देवगावच्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांच्या बंडाविषयीचा सरकारी कागद प्रामुख्याने त्यांना पकडू पाहणाऱ्यांनी लिहिला आहे. ज्या समाजाचा इतिहास असा दुसऱ्यांच्या हस्ताक्षरात आला आहे, त्या समाजाच्या अभ्यासकाला कागदावरील शब्दांइतकीच कागदावरील खूणही हवी असते. तेव्हा रंगीत, तपशील न गमावलेली प्रतिमा मागण्यात त्याची हौस नसून गरज आहे.

संपीडनाचा धोका केवळ अंधुकपणापुरता नसतो हे २०१३ मध्ये जगासमोर आले. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांना आढळले की, झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या बांधकाम आराखड्यात खोल्यांची क्षेत्रफळे बदलून येत होती. मूळ आराखड्यातील २१.११ चौरस मीटर हा आकडा स्कॅनमध्ये १४.१३ असा आला होता. यंत्रातील जेबिग-२ ही संपीडनपद्धती एकमेकांसारखे दिसणारे लहान आकार एकच समजून एकाच्या जागी दुसरा वापरीत होती. आकडा पुसट झालेला नव्हता. तो स्वच्छ, ठळक आणि चुकीचा होता. यंत्राने अक्षरशः 'ध चा मा' केला होता. जेपेगमध्ये अशी अदलाबदल होत नाही, परंतु फाइल लहान करण्यासाठी बनविलेल्या काही पीडीएफमध्ये याच जातीची पद्धत वापरलेली असू शकते. ज्या लिपीत लेखणी न उचलता एकाला एक जोडून अक्षरे लिहिली जातात आणि अनेक अक्षरे परस्परांशी मिळतीजुळती असतात, त्या मोडीच्या बाबतीत ही शक्यता दुर्लक्षिता येणार नाही. नमुना पत्रातील पीडीएफविषयीची तक्रार म्हणूनच निराधार नाही. मात्र ती 'निरुपयोगी' या एका शब्दात उरकल्याने तिचे बळ गेले आहे. कागदांची यादी करणे, विषय ओळखणे, कोणता कागद अधिक बारकाईने पाहावयाचा हे ठरविणे, ही कामे साध्या जेपेग प्रतींवर उत्तम होतात. किंबहुना ती त्यांच्यावरच आधी व्हावयास हवीत.

आकड्यांची चिकित्सा

पत्रातील दुसरा आधार म्हणजे १२०० डीपीआय हा आकडा. अधिक आकडा म्हणजे अधिक संशोधन, असा एक समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात आवश्यक विभेदन कागदावरील सर्वांत बारीक रेघेवरून ठरते. समजा, एखाद्या कागदावर बोरूच्या टोकाने ओढलेली सर्वांत बारीक रेघ ०.२ मिलिमीटर रुंद आहे. ३०० डीपीआयला एक बिंदू सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्या रेघेच्या रुंदीत दोन-अडीच बिंदू बसतात. ४०० डीपीआयला तीनहून थोडे अधिक आणि ६०० डीपीआयला पाचाच्या जवळपास. रेघेच्या रुंदीत किमान तीन बिंदू यावेत असा व्यवहारी दंडक धरला, तर या कागदाच्या वाचनासाठी ४०० पुरे आहे. शाईच्या कडा, खरवडलेली जागा किंवा हरताळीखालचा पाठ तपासावयाचा असेल तर ६०० मागण्यास आधार आहे. १२०० ला बहुतेक वेळा कागदाचे तंतूच अधिक स्पष्ट होतात, अक्षर नव्हे.

या आकड्याचे ओझे किती पडते तेही पाहावे. दहा इंच रुंद व चौदा इंच लांब कागदाची ४०० डीपीआयची प्रतिमा ४००० बाय ५६०० बिंदूंची होते. प्रत्येक बिंदूस रंगाचे तीन बाइट धरल्यास असंपीडित फाइल सुमारे ६७ मेगाबाइटची होते. ६०० ला ती सुमारे १५१ मेगाबाइट आणि १२०० ला सुमारे ६०५ मेगाबाइट होते, कारण विभेदन दुप्पट केले की आकार चौपट होतो. १८० कागदांचा हिशेब ४०० ला सुमारे १२ गिगाबाइट, तर १२०० ला सुमारे १०९ गिगाबाइट होतो. आजच्या काळात १०९ गिगाबाइट साठविणे अवघड नाही हे खरे. परंतु प्रत्येक कागद कॅमेऱ्याखाली अधिक वेळ राहणे, अधिक वेळा केंद्रित करणे आणि तपासणीसाठी पुन्हा उघडणे, हे सर्व त्या आकड्याबरोबर येते.

'कोणतेही कॉम्प्रेशन न केलेले' या शब्दयोजनेतही असाच अतिरेक आहे. अभ्यासकाला हवे असते ते माहितीची हानी न झालेले चित्र. हानिरहित संपीडन केलेली टिफ फाइल आणि असंपीडित टिफ फाइल यांत बिंदूचाही फरक नसतो. संस्थेने आपल्या मूळ प्रती हानिरहित पद्धतीने साठविल्या असतील, तर या पत्राचे शब्दशः वाचन करणारा कर्मचारी 'अशा प्रती उपलब्ध नाहीत' असे उत्तर देऊन मोकळा होईल, आणि तो चुकला असे म्हणता येणार नाही. एका चुकीच्या शब्दामुळे हाताशी असलेली वस्तू नाकारली जाण्याचा हा प्रकार आहे.

कागदाची बाजू

पत्रातील सर्वांत गंभीर उणीव आकड्यांत नाही. संस्थेजवळ आधीपासून असलेली मूळ प्रतिमा मागावयाची आहे, की कागद पुन्हा उघडून नवी प्रतिमा करून हवी आहे, हे पत्रात स्पष्ट केलेले नाही. या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीत फाइलची नक्कल करावयाची असते आणि कागदाला त्याचा स्पर्शही होत नाही. दुसरीत रुमाल सोडावा लागतो.

रुमाल सोडणे म्हणजे काय हे दफ्तरात काम केलेल्यास सांगावे लागत नाही. हातकागद मुळात चिवट असतो. काजळाची शाईही प्रकाशाने सहजी उडत नाही. तथापि ही शाई कागदात खोल न मुरता बऱ्याच अंशी पृष्ठभागावर बसलेली असते. ओल लागली की ती पसरते आणि घासली गेली की तिचे कण सुटतात. कागद घडीत राहिलेला असेल तर घडीच्या रेषेवर तंतू तुटत आलेले असतात, आणि तेथील एखादे अक्षर प्रत्येक उलगडण्याबरोबर थोडे थोडे नाहीसे होते. एकाखाली एक तावांना डिंकाने जोडून केलेल्या लांब बंदांत सांधे सुटतात. कसरीने पोखरलेला कागद वाऱ्याच्या झुळुकीनेही हलतो. अशा कागदाला सपाट काचेच्या स्कॅनरवर पालथे घालून वरून झाकण दाबणे म्हणजे त्याची हानी ओढवून घेणे होय. त्यासाठी कागद उताणा ठेवून वरून छायाचित्र घेणारा कॅमेरा, उष्णता व अतिनील किरण न देणारा प्रकाश आणि कागद हाताळण्याचे शिक्षण घेतलेला माणूस लागतो. घडी सरळ करण्यापूर्वी काही कागदांना आधी संवर्धकाच्या हाताखालून जावे लागते, आणि त्यास दिवस लागतात. 'त्वरित' या शब्दाची किंमत येथे कळते.

संस्थांच्या बाजूनेही काही प्रथा तपासून पाहण्याजोग्या आहेत. मूळ प्रतिमा जवळ असूनही अभ्यासकास केवळ लहान जेपेग देणे, अथवा मजकुरावरून आडवा जाणारा संस्थेच्या नावाचा ठसा उमटविणे, या प्रथा कागदाचे रक्षण करीत नाहीत. उलट असमाधानी अभ्यासक मूळ कागद पाहण्याचा आग्रह धरतो आणि रुमाल पुन्हा सुटतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर झालेल्या हल्ल्यानंतर संग्रहाच्या सुरक्षिततेविषयी संस्थांना वाटणारी काळजी समजण्याजोगी आहे. परंतु त्याच घटनेचा दुसरा अर्थ असा की, एकाच इमारतीत असलेली एकच प्रत कधीही सुरक्षित नसते. उत्तम दर्जाची प्रतिमा दुसऱ्या ठिकाणी असणे हेही संवर्धनच आहे.

पत्राची फेरमांडणी

वरील विवेचनाच्या आधारे तेच पत्र पुन्हा लिहिल्यास त्याचे स्वरूप पुढीलप्रमाणे होईल.

'मा. महोदय, मी राजूर परिसरातील गावांच्या पेशवेकालीन आकारणीचा अभ्यास करीत आहे. सोबत जोडलेल्या यादीतील १८० कागदांच्या पाहणीसाठी आपल्याकडे उपलब्ध असलेल्या साध्या जेपेग प्रती पुरेशा आहेत. त्यांवरून निवड करून मी पुढील पत्रात मोजक्या कागदांची मागणी करीन. त्या कागदांतील अपूर्णांकांचे दंड, दुरुस्त्या आणि शेवटच्या निशाण्या मला तपासावयाच्या आहेत. यासाठी मूळ रंगीत प्रतिमा, हानिरहित संपीडित असली तरी चालेल, किमान ४०० डीपीआयमध्ये मिळावी. अशी प्रतिमा आपल्या संग्रही नसल्यास कृपया केवळ माझ्यासाठी कागद उघडू नये. पुढे संस्थेच्या नियोजनानुसार त्या रुमालाचे काम निघेल तेव्हा मोजपट्टी व रंगपट्टी चौकटीत ठेवून प्रतिमा घेतल्यास उपकृत होईन. प्रतिमा मी इतरांस देणार नाही, प्रकाशनापूर्वी परवानगी घेईन, आणि माझे लिप्यंतर संस्थेस सादर करीन.'

हे पत्र पहिल्यापेक्षा लांब आहे, परंतु त्याची मागणी लहान आहे. संग्रहपालाला त्यातून तीन गोष्टी तत्काळ कळतात : काय पाहावयाचे आहे, कोणती प्रत पुरेल आणि कागद कधी उघडावयाचा नाही. १८० कागदांपैकी बारा कागदांतच संशयास्पद जागा निघाल्या, तर ४०० डीपीआयच्या बारा असंपीडित प्रतींचा भार सुमारे ८०० मेगाबाइट होतो. पहिल्या पत्राने मागितलेल्या १०९ गिगाबाइटच्या तुलनेत हा भार शंभरावा हिस्साही नाही, आणि संशोधनाचे काम मात्र अडलेले नाही. लिप्यंतर सादर करण्याचे आश्वासन ही औपचारिकता नव्हे. ते संस्थेला मिळाले की पुढच्या अभ्यासकाच्या निवडीसाठी तोच कागद पुन्हा उघडावा लागत नाही.

प्राप्त प्रतिमेची पारख

योग्य पत्र लिहूनही योग्य प्रतिमा येईलच असे नाही. जेपेग फाइल उघडून ती टिफ म्हणून साठविली की तिचा आकार असंपीडित फाइलइतकाच होतो, पण गेलेला तपशील परत येत नाही. म्हणून केवळ फाइलच्या आकारावरून खात्री करणे फसवे आहे. प्रतिमा पडद्यावर चौपट मोठी करून अक्षरांच्या कडा पाहाव्यात. आठ बाय आठ बिंदूंची चौकटजाळी किंवा रेघेभोवती धुळीसारखे ठिपके दिसल्यास ती प्रतिमा कधीतरी जेपेग होती असे समजावे. रेघेभोवती पांढरी किनार दिसल्यास प्रतिमा कृत्रिमरीत्या तीक्ष्ण केलेली आहे, आणि तेथे शाईच्या कडेविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

विभेदनाचा दावा तपासण्यासाठी मोजपट्टी उपयोगी पडते. खऱ्या ४०० डीपीआयच्या प्रतिमेत एका सेंटिमीटरमध्ये सुमारे १५७ बिंदू असतात, ६०० मध्ये सुमारे २३६. फाइलच्या माहितीत ६०० लिहिलेले असताना मोजणीत १५७ आले, तर लिहिलेला आकडा निरर्थक आहे. मोजणी जुळूनही बारीक रेघांच्या कडा चार-पाच बिंदूंवर पसरलेल्या असतील, तर कॅमेरा नीट केंद्रित नव्हता किंवा लहान प्रतिमा ताणून मोठी केली आहे. या तपासण्या अभ्यासकाने लिप्यंतरास आरंभ करण्यापूर्वी कराव्यात आणि त्यांचा निष्कर्ष शोधनिबंधात नोंदवावा. आपण मूळ कागद पाहिला की प्रतिमा, आणि प्रतिमा कोणत्या दर्जाची, हे सांगणे पाठभेद देण्याइतकेच आवश्यक मानले गेले पाहिजे.

समारोप

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या एका जुन्या पोथीच्या आधारे वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. ती पोथी आज अभ्यासकांसमोर नाही. राजवाड्यांनी तिच्यात काय वाचले हे छापील पानावरून कळते. परंतु त्यांनी ते बरोबर वाचले काय, एखादी दुरुस्ती कोणाच्या हातची होती, शाई किती ठिकाणी निराळी होती, हे प्रश्न आता कायमचे अनुत्तरित आहेत. त्या पोथीची एक चांगली प्रतिमा असती तर वाद संपले असते असे नाही. पण वाद घालावयास पुरावा राहिला असता.

त्याबरोबर प्रतिमेची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. समोरून पडलेल्या उजेडात घेतलेल्या प्रतिमेत खरवडलेल्या जागेचा खडबडीतपणा सहसा दिसत नाही. त्यासाठी कडेने तिरपा उजेड टाकून निराळी प्रतिमा घ्यावी लागते. कागदाच्या मागील कोरी बाजू स्कॅन करावयाची राहून गेलेली असते, आणि शेरा नेमका तेथे असतो. अशा जागी विभेदन कितीही वाढविले तरी उत्तर मिळत नाही. अभ्यासकाला अखेरीस एक दिवस दफ्तरात जाऊन मोजक्या कागदांपुढे बसावेच लागते.

चांगल्या पत्राचे प्रयोजन तो दिवस टाळणे हे नसून तो एकच दिवस पुरेल अशी तयारी करणे हे आहे. १८० कागदांऐवजी बारा आणि बारांऐवजी दोनच कागद उघडावे लागले, तर राजूरच्या अध्यापकाची रजा वाचते आणि उरलेल्या १७८ कागदांच्या घड्याही शाबूत राहतात.